गजावरचं मीठ

दसऱ्याला फाटकाला झेंडूचा हार बांधत होतो, तेव्हा खालच्या आडव्या पाइपावर रंगाला फोड आलेले दिसले. बरेचसे वाटाण्याएवढे, एक मात्र चांगला रुपयाएवढा. नखानं तो फोडला तर आतून तांबूस पाणी आलं आणि रंगाचा पापुद्रा कागदासारखा हातात निघाला. उलटा करून पाहिला. त्याच्या आतल्या अंगाला गंजाचा पातळ थर चिकटलेला होता. म्हणजे रंगानं लोखंडाला कधी धरलंच नव्हतं, त्यानं गंजाला धरलं होतं, आणि गंजानं लोखंड सोडल्यावर रंगही त्याच्याबरोबर निघाला.

हे फाटक मे महिन्यातच रंगवलेलं. घर अलिबाग तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. दोन पाखांचं साधं फाटक आहे: दीड इंची चौकोनी पाइपाची चौकट, मध्ये एक आडवा पाइप, आणि आत बारा मिलिमीटरचे चौरस गज. रंगाऱ्यानं सुटे पोपडे पत्र्यानं खरवडले, रेड ऑक्साइडचा एक हात मारला, वर ऑइलपेंटचे दोन हात दिले. काम एका दिवसात उरकलं आणि दिसायलाही झकास. दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही, कारण त्याच्या आदल्या दिवशी एक उद्योग मी स्वतः करून ठेवला होता. तो पुढे सांगतो.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांचा संसार, एवढं शाळेत सगळेच शिकतात. पण रंग का सुटतो याचं उत्तर गंजाच्या आकारमानात आहे. जेवढं लोखंड खाल्लं जातं त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा त्यापासून झालेला गंज व्यापतो. रंगाच्या खाली बारीकसा ठिपका जरी गंजत राहिला, तरी तो फुगतो आणि वरचा रंग उचलतो. उचललेल्या रंगाखाली पाणी शिरतं, आणि मग गंजाला खरवडणीची भीतीही उरत नाही, कारण तो आता झाकलेला असतो.

किनाऱ्यावर यात मीठ येतं, आणि मीठ आलं की हिशेबच बदलतो. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. ते गजांवर बसतात, पाणी उडून जातं, मीठ राहतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की आपणहून ओलं होतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याच कारणानं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओल धरतात. म्हणजे पाऊस नसला तरी कोकणातल्या रात्री गज ओलाच असतो, नुसता हात लावून ते कळत नाही एवढंच.

त्याहून वाईट म्हणजे हे मीठ खर्ची पडत नाही. त्यातला क्लोराइड लोखंडाशी संयोग पावतो, पाण्याच्या संपर्कात त्या संयुगाचा गंज होतो आणि क्लोराइड पुन्हा मोकळा होऊन शेजारच्या लोखंडाला लागतो. दुधाला लावलेल्या विरजणासारखं आहे हे: चमचाभर पुरतं. गंजाच्या खड्ड्यांत, थेट तळाशी, हे मीठ जाऊन बसतं. वरून रंगाचा थर दिला की ते आत कोंडलं जातं. रंगाचा थर पूर्णपणे पाणीबंद नसतो, त्यातून ओल हळूहळू आत झिरपते, आणि आतलं मीठ ती स्वतःकडे ओढून घेतं. फोडात जे पाणी असतं ते असं ओढून आणलेलं असतं.

आता माझा उद्योग. रंगारी यायच्या आदल्या दिवशी खालच्या पाइपाचा गंज जावा म्हणून मी संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणून त्यावर चोळलं. काम विलक्षण वेगानं झालं. फेस आला, तांबूस पाणी गळालं आणि दहा मिनिटांत लोखंड चांदीसारखं निघालं. बादलीभर पाणी ओतून मी आत गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर सगळा पाइप नारिंगी. हे अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, मिठाचंच भावंड. गंज विरघळवताना ते क्लोराइड मागे ठेवून जातं आणि ते नेमकं खड्ड्यांत शिरतं. समुद्राला जे करायला वर्ष लागलं असतं ते मी तासाभरात करून दिलं होतं. फोड सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठे त्याच पाइपाला आले, यात काही गूढ नाही. वाफा नाकातोंडात गेल्या त्या वेगळ्याच.

या वर्षी म्हणून फेब्रुवारीत सुरुवात केली. मुंबईच्या आसपास पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून धरली जाते, पण त्याच्या तीन आठवडे आधीपासूनच हवा जड व्हायला लागते आणि वळवाची एखादी सर कामावर पाणी ओतून जाते. मिरग तोंडावर आला की रंगारी मिळत नाहीत, आणि मिळाले तर घाईत असतात. होळीच्या आसपास हवा कोरडी असते, सकाळचं दंव नऊपर्यंत उडून जातं, आणि चुकलं तर पुन्हा करायला हातात दिवस असतात.

पहिला दिवस नुसता बघण्यात घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. गंज सगळीकडे सारखा नसतो. रस्त्याकडून दिसणारी बाजू जवळजवळ धड होती, आतली बाजू खराब. गजांच्या माथ्यांपेक्षा आडव्या पाइपांच्या पोटाला गंज जास्त होता. हे उलटं वाटतं, पण पाऊस उघड्या बाजूवरचं मीठ धुऊन नेतो आणि पोटाकडचं मीठ तसंच राहतं. छज्ज्याखालचं खिडकीचं ग्रिल म्हणूनच अनेकदा उघड्यावरच्या फाटकाच्या आधी कुजतं. त्याला पाऊस लागतच नाही, वारा मात्र लागतो. वेल्डिंगचे सांधे आणि गज जिथे पट्टीतून आरपार जातो ती खाच, या दोन्ही ठिकाणी ओल अडकून बसते. ग्रिलचे गज खिडकीच्या उंबऱ्यात जिथे शिरतात तिथेही तेच. खालची बाजू बघायला मी दाढीचा छोटा आरसा वापरला. आरशात जे दिसलं त्यावरून गेल्या वर्षी रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचलाच नव्हता असा माझा ग्रह झाला.

बघताना हातात पेचकस ठेवायचा. गंजलेल्या जागी तो जरा जोरानं टोचायचा आणि पाइपावर टिचकी मारत जायचं. भरीव आवाज एकाएकी बद्द झाला तर आतून पाइप खाल्ला गेलाय. आमच्या डाव्या पाखाच्या खालच्या पाइपात पेचकस सरळ आत गेला. असल्या जागी रंग, लांबी, एम-सील यांतलं काहीही लावणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. तेवढा पाइप कापून नवा जोडावा लागतो, आणि वेल्डिंग रंगाच्या आधी करावं लागतं, कारण त्याच्या उष्णतेनं आजूबाजूचा रंग जळतो.

तो पाइप कापला तेव्हा आतून वाटीभर गंजाचा चुरा आणि पाणी निघालं. चौकोनी पाइपाची तोंडं बंद असली तरी वेल्डिंगमध्ये केसाएवढ्या फटी राहतात, त्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट नसते. नवा पाइप लावताना वेल्डरला त्याच्या पोटाला दोन्ही टोकांशी सहा मिलिमीटरची दोन भोकं पाडायला सांगितली. तो म्हणाला, "भोकातून पाणी आत जाईल ना साहेब?" भोक खालच्या तोंडाचं आहे, जाणारं पाणी तिथून चढून जाणार नाही, आत गेलेलं मात्र उतरेल, हे पटायला त्याला थोडा वेळ लागला. नव्या लोखंडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायची. त्यावर निळसर करड्या रंगाची गुळगुळीत साल असते. कारखान्यात लोखंड तापलेलं असताना ती धरते. दिसायला ती छान असते, पण पुढे खपली निघाल्यासारखी सुटते आणि आपल्याबरोबर रंगही नेते. तीही घासून काढायची, आणि वेल्डिंगचे उडालेले मणी छिन्नीनं उडवायचे.

मग धुणं. खरवडण्याच्या आधी धुवायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फाटकावर मीठ, धूळ आणि बिजागरीचं तेल बसलेलं असतं. ते तसंच ठेवून घासलं तर कागद ते सगळं लोखंडात रगडतो. बादलीत कपड्यांची थोडी पावडर, प्लास्टिकचा ब्रश, आणि नंतर विहिरीच्या गोड पाण्यानं भरपूर धुणं. बोअरचं पाणी खारं असेल तर ते इथे चालणार नाही.

खरवडताना हाताला दोनच वस्तू खऱ्या उपयोगी पडतात: कडक पत्र्याची खरवडणी आणि तारेचा ब्रश. सुटे पोपडे खरवडणीनं जातात. जिथे रंग घट्ट धरून आहे तिथे तो सगळा काढायचा हट्ट धरू नये, धड रंग हाच उत्तम संरक्षक आहे. तो धड आहे की नाही हे कसं ओळखायचं? ब्लेडनं फुलीसारखे दोन छेद द्यायचे, त्यावर सेलोटेप घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. टेपला रंग आला तर तो जाणारच होता, नाही आला तर राहू द्या. राहिलेल्या रंगाची कड मात्र पायरीसारखी ठेवायची नाही. १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं ती उतरती करायची, इतकी की नख फिरवलं तर अडकू नये. तिथे पायरी राहिली तर नवा रंग कडेवर पातळ बसतो आणि पुढचा पोपडा बरोबर तिथूनच सुरू होतो.

ग्राइंडरला तारेची वाटी लावून काम दहापट लवकर होतं, आणि मोठ्या फाटकाला ते करावंच. पण त्यात एक फसगत आहे. तारेची वाटी जोरात फिरली की घट्ट बसलेला गंज निघत नाही, तो पॉलिश होतो. काळपट तपकिरी, चकाकता, आरशासारखा गुळगुळीत. बघणाऱ्याला वाटतं लोखंड निघालं. त्यावर प्रायमर धरत नाही, कारण एक तर तो गंज आहे आणि दुसरं म्हणजे तो गुळगुळीत आहे. म्हणून वाटीनंतर ८० नंबरच्या कागदानं हातानं घासून खरी राखाडी चकाकी येईपर्यंत जायचं आणि पृष्ठभाग खरबरीत ठेवायचा. वाटीतून तारा सुटून उडतात, त्या डोळ्यात जायला क्षण लागतो. त्यामुळे गॉगल हवाच, साधा चष्मा नव्हे.

जुन्या फाटकाबाबत एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपुरतं मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः शेंदरी रंगाच्या जुन्या प्रायमरमध्ये आणि पिवळ्या-हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसं असू शकतं. वडिलांच्या काळापासून थरावर थर चढलेलं फाटक असेल तर त्यावर कोरडा ग्राइंडर फिरवून अंगणभर धूळ करू नये, आणि रंग जाळून तर मुळीच काढू नये. कागद ओला करून घासायचा, खाली ताडपत्री घालायची, धुळीसाठी बनवलेला मास्क लावायचा, पोरं आणि कोंबड्या लांब ठेवायच्या. ताडपत्रीवरचा चुरा झाडून उडवायचा नाही, पुसून गोळा करायचा. मी हे सगळं केलं आणि शेजाऱ्यांची थट्टा सहन केली.

यानंतर पुन्हा धुणं, आणि माझ्या मते पूर्ण कामातला हाच भाग लोक गाळतात. आता लोखंड उघडं आहे, खड्डे उघडे आहेत, मीठ बाहेर काढायची ही एकमेव संधी. गोड पाणी आणि ताठ ब्रश घेऊन खड्ड्यांत घासत धुवायचं, पाणी बदलायचं, पुन्हा धुवायचं. फडक्यानं लगेच पुसायचं आणि उन्हात कोरडं होऊ द्यायचं. यात लोखंडावर हलकी पिवळसर झाक येते. ती घाबरण्यासारखी नसते, कागदाच्या एका फटक्यानं जाते. पण मीठ राहिलंय का हे बघायची युक्ती याच झाकीत आहे. घासून कोरड्या केलेल्या जागेवर पाण्याचा हलका फवारा मारून अर्धा तास सोडून द्यायचं. सगळीकडे सारखी, पुसट झाक आली तर ठीक. खड्ड्याखड्ड्यांत गडद तांबडे ठिपके आधी उठले तर तिथे मीठ आहे, पुन्हा धुवा. आमच्या खालच्या पाइपाला, म्हणजे माझ्या अ‍ॅसिडच्या कृपेनं, हे तीनदा करावं लागलं. चौथ्या वेळी ठिपके उठले नाहीत.

जे खड्डे कशानंच साफ होत नाहीत तिथे बाजारात मिळणारं गंजरूपांतरक, रस्ट कन्व्हर्टर म्हणतात ते, कामाला येतं. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक अ‍ॅसिड असतं. लालसर गंज त्यानं काळा पडतो, कारण गंजाचं रूपांतर फॉस्फेटमध्ये किंवा टॅनेटमध्ये होतं आणि ते संयुग लोखंडाला बऱ्यापैकी धरून राहतं. मेहरौलीच्या लोहस्तंभावर सोळाशे वर्षांत जे झालं त्याचीच ही घाईची नक्कल म्हणता येईल. त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, आणि आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावरचा संरक्षक थर फॉस्फेटचा असल्याचं दाखवलं. आपल्या वेल्डरकडच्या लोखंडात तसा फॉस्फरस नसतो. पण कन्व्हर्टरला मर्यादा आहेत: जाड खपल्यांवर ते वरचेवर काळं होतं आणि खाली गंज तसाच राहतो, आणि साफ लोखंडावर त्याला करायला काही नसतं. खड्ड्यांपुरता ब्रश घ्यायचा, डब्यावर जेवढं थांबायला सांगितलंय तेवढं थांबायचं, आणि धुवायला सांगितलं असेल तर धुवायचं. काही डबे धुवायला सांगतात, काही सांगत नाहीत. न वाचता लावलेलं अ‍ॅसिड वरच्या प्रायमरला सोडवतं.

आता प्रायमर. दुकानात "प्रायमर द्या" म्हटलं की लाल विटकरी रंगाचा डबा पुढे येतो. रेड ऑक्साइडची गंमत अशी की त्यातलं लाल रंगद्रव्य म्हणजे लोहाचं ऑक्साइडच, गंजाचं जवळचं नातलग. ते स्वतः गंज थांबवत नाही, फक्त एक भिंत उभी करतं. घरात किंवा देशावरच्या कोरड्या गावात एवढी भिंत पुरते. किनाऱ्यावर भिंतीला पहारेकरी हवा. तो जस्ताच्या संयुगांचा असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २०७४ या जुन्या प्रमाणात रेड ऑक्साइड झिंक क्रोम प्रायमर आहे. त्यातलं क्रोमेट गंज रोखतं, पण ते विषारी आणि कर्करोगकारक आहे, घासताना त्याची धूळ घेऊ नये. त्याच कामासाठी आता झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळतो. तो क्रोमेटपेक्षा पुष्कळ निर्धोक. मी तो घेतला.

दुकानदारानं दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर सुचवला होता, आणि नुसत्या उघड्या लोखंडावर तो खरंच सरस आहे. पण तो जुन्या ऑइलपेंटवर लावला की त्यातलं द्रावण खालचा रंग फुगवून सुरकुत्या पाडतं. आमच्या फाटकावर निम्मा जुना रंग तसाच होता. शिवाय मिसळल्यावर तो काही तासांत संपवावा लागतो, आणि मी सावकाश काम करणारा माणूस.

"चार लिटर देऊ?" त्यानं विचारलं. मी खिशातला कागद काढला. आमची दोन पाखं, प्रत्येक चार फूट बाय चार फूट. चौकट आणि मधल्या आडव्या मिळून पाइप चाळीस फूट, म्हणजे साधारण बारा मीटर. दीड इंची पाइपाचा घेर सोळा सेंटिमीटर धरला तर पृष्ठभाग झाला एक पूर्णांक नऊ चौरस मीटर. गज सोळा, प्रत्येकी चार फूट, म्हणजे साडेएकोणीस मीटर, घेर पावणेपाच सेंटिमीटर, पृष्ठभाग सुमारे पाऊण ते एक चौरस मीटर. एकूण तीनच्या आत. दोन हात म्हणजे सहा चौरस मीटर. लिटरमध्ये सपाट जागी आठ-दहा चौरस मीटर होतो, गजांवर तिसरा हिस्सा ब्रशवर आणि खाली सांडतो. एक लिटर पुरतो. "एकच लिटर," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला, पण डबा दिला. दोन हात झाल्यावर डब्यात वाटीभर उरलाच.

डबा उघडला की वर पातळ तेलकट पाणी आणि खाली घट्ट गाळ. तो गाळ हेच खरं औषध. काठीनं तळ खरवडून दहा मिनिटं ढवळलं नाही तर वरचं नुसतं तेल फाटकाला लागतं आणि शेवटी डब्यात चिखल राहतो. टर्पेंटाइन डब्यावर लिहिलंय तेवढंच. रंगारी रंग पुरवायला ते सढळ हातानं ओततात, मग थर इतका पातळ होतो की उन्हात खालचं लोखंड दिसतं.

ब्रश हातात घेतल्याबरोबर गजांवर धावायचं नाही. आधी एक इंची ब्रशनं फक्त कडा, वेल्डिंगचे सांधे, खाचा आणि बिजागऱ्यांचं पोट, एवढ्यांनाच हात द्यायचा. ओला रंग धारेच्या कडेवरून आखडून मागे सरतो आणि कड उघडी पडते, म्हणून तिला एक हात जास्तीचा. तो सुकला की मग पूर्ण फाटक. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, आणि तो जरा वेगळ्या छटेचा मिळाला तर उत्तम, कुठे चुकलं ते लगेच दिसतं. मी दुसऱ्या डब्याऐवजी आरसा पुन्हा काढला आणि पोटाकडचे चुकलेले पट्टे शोधून भरले.

वेळेचं एक बंधन कडक आहे. उघडं केलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवायचं नाही. कोकणातली एक रात्र त्यावर पुन्हा मीठ आणि दंव ठेवून जाते. म्हणून एका दिवशी प्रायमर लागेल एवढंच लोखंड सकाळी घासायचं. आमचं एक पाख शनिवारी आणि दुसरं रविवारी झालं. सकाळी नऊच्या आधी लोखंड हाताला गार आणि किंचित ओलसर लागतं, तेव्हा नाही. भर दुपारी ते इतकं तापतं की रंग ब्रशखालीच ओढला जातो, तेव्हाही नाही. नऊ ते साडेअकरा आणि मग ऊन फाटकावरून सरकल्यावर चार वाजता. सूर्य मावळायच्या दोन तास आधी ब्रश धुवायचा, नाहीतर ओल्या रंगावर दंव बसून तो निस्तेज होतो. आणि जाड हात मारून एकदाच उरकायचा मोह टाळायचा. वरची साय सुकते, आत ओलं राहतं, नखानं दाबलं की खळगा पडतो.

प्रायमर झालं की पुढे ऑइलपेंटचे दोन हात हवेतच. प्रायमर एकटा पावसात राहण्यासाठी नसतो. तो बारीक छिद्रांचा, उन्हानं भुकटी होणारा. वेल्डरच्या दुकानातून विटकरी रंगात आलेलं नवं ग्रिल "नंतर रंगवू" म्हणून एक पावसाळा तसंच बसवलं की काय होतं ते शेजारच्या घरी बघायला मिळतं. गॅल्वनाइज केलेल्या पाइपाचं फाटक असेल तर मात्र यातलं काही करू नये. साधा ऑइलपेंट जस्तावर धरत नाही, त्याला वेगळा प्रायमर लागतो.

ऑइलपेंटचे हात मार्चमध्ये संपले. मे महिन्यात गज एकदा गोड पाण्यानं धुतले, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा धुवायचे ठरवलं. दर पंधरवड्याला खिडकीच्या ग्रिलवर बादलीभर पाणी मारायची सवय आता घरात पडली आहे, पावसाला ते काम छज्ज्याखाली करता येत नाही.

गणपतीला घरी आलो तेव्हा पहिल्यांदा फाटकापाशी वाकलो. खालचा पाइप कोरडा होता, पोटाच्या भोकातून थेंब टपकत होता, फोड एकही नव्हता. डाव्या पाखाच्या वरच्या बिजागरीखाली मात्र नखाएवढी तांबूस रेघ उतरली होती. फाटक बिजागरीवरून उतरवायला दोघंजण लागतात आणि त्या दिवशी मी एकटाच होतो, म्हणून ती जागा तशीच रंगवली होती. दिवाळीला मेहुणे येणार आहेत. त्यांना सांगून ठेवलंय, फाटक धरायला.